सोयाबीनचे पैसे वर्षभर कसे पुरवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यातल्या सोयाबीन-तूर-हरभरा घेणाऱ्या घरांसाठी हे पान आहे. उसाच्या घराचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

वर्षाला पावणेतीन-तीन लाखांचा माल विकतो, तरी जूनमध्ये बियाण्याला पैसे का नसतात?

तीन लाख ही माळवं विकून रोज येणारी रक्कम नाही. ती ऑक्टोबर-नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशी तीनदा येते, आणि घरखर्च मात्र दर महिन्याला सारखाच असतो. आकडे मांडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून एक नमुन्याचं घर घेऊ. औसा तालुका, सहा एकर, एक विहीर. आकडे गोल केलेले आहेत, आपले टाकून पाहा.

चार एकरांत सोयाबीन आणि तुरीचं आंतरपीक, दोन एकरांत नुसतं सोयाबीन आणि त्यावर हरभरा. सोयाबीन एकरी सहा क्विंटल धरलं तर ३६ क्विंटल, ४,३०० च्या भावाने १,५४,८०० रुपये. तूर आठ क्विंटल, ७,००० ने ५६,०००. हरभरा १४ क्विंटल, ५,३०० ने ७४,२००. एकूण २,८५,०००.

आता खर्च. सोयाबीनला नांगरटीपासून मळणीपर्यंत एकरी १६,००० म्हणजे ९६,०००. तुरीच्या फवारण्या आणि काढणी १२,०००. हरभरा १९,०००. एकूण १,२७,०००. हातात राहिले १,५८,०००. घर १२,००० रुपयांत चालवलं तर वर्षाचे १,४४,००० गेले. उरले १४,०००, तेही कुणी आजारी पडलं नाही आणि सोयरीक निघाली नाही तर.

म्हणजे शेत तोट्यात नाही, पण शिल्लक नावापुरती आहे. त्यात दिवाळीला मोटारसायकल घेतली की जूनमध्ये दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागतं. उधारीवरची खत-औषधं रोखीपेक्षा महाग पडतात आणि माल त्याच्याच ओळखीच्या आडतीवर घालावा लागतो. खरी गळती तिथे आहे.

मग ऑक्टोबरच्या पैशाची वाटणी कशी करायची?

घराला पगार लावायचा. ऐकायला साधं वाटतं, पण त्यासाठी दोन खाती लागतात. एक हंगामाचं, ज्यात मालाची पट्टी जमा होते. दुसरं घराचं, शक्यतो घरच्या बाईच्या नावावर, ज्यातून किराणा, शाळा, दवाखाना, वीजबिल चालतं. बँकेत स्थायी सूचना द्यायची की दर महिन्याच्या पाच तारखेला हंगामाच्या खात्यातून घराच्या खात्यात १२,००० जावेत. हंगामाच्या खात्याचं एटीएम कार्ड घरात ठेवूच नका, असं मी सांगतो. लोक हसतात, पण कार्ड खिशात असलं की पगार महिन्यातून तीनदा होतो.

वरच्या घराचा पैसा कसा फिरतो ते पाहा. जूनमध्ये ८०,००० पीककर्ज उचललं, २८,००० ची उधारी झाली. ऑक्टोबरात ३६ पैकी १६ क्विंटल सोयाबीन विकलं, ६८,८०० आले. उरलेलं २० क्विंटल बाजार समितीत तारण ठेवलं, ६४,५०० मिळाले. एकूण १,३३,३००. त्यातून उधारी फेडली, हरभऱ्याचे १९,००० बाजूला काढले, उरले ८६,३००. नोव्हेंबर ते मे सात महिन्यांचा पगार होतो ८४,०००. तो जागच्या जागी बसला.

जानेवारीची तूर आणि मार्चचा हरभरा मिळून १,३०,२००. त्यातून पीककर्जाचे ८०,००० भरले. उरलेले ५०,२०० आणि तारणातल्या सोयाबीनचा हिशेब मिटल्यावर येणारे वीस-बावीस हजार, यातून जून ते ऑक्टोबरचा ६०,००० चा पगार निघतो. हे साठ हजार मार्चमध्येच १२-१२ हजारांच्या पाच मुदत ठेवींत टाकावेत. पहिली जूनला सुटेल, शेवटची ऑक्टोबरला. व्याज फार मिळत नाही. पण उन्हाळ्यात लग्नसराईत पाहुणा हातउसने मागायला आला, तर "ठेवीत आहेत" हे खरं उत्तर असतं.

पट्टीचे पैसे आणि कर्ज एकाच बँकेत ठेवू नका. कर्ज थकलं की बहुतेक वेळा त्याच बँकेतलं बचत खातं होल्डवर जातं, आणि सन्मान निधीचे दोन हजारसुद्धा अडकतात.

माल तारण ठेवणं परवडतं का? की सरळ विकावं?

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर, हरभरा यांना बाजारभाव किंवा हमीभाव यांतला जो कमी असेल त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. सहा महिन्यांपर्यंत व्याज सहा टक्के, त्यापुढे दर चढतो. माल स्वतःच्या शेतातला असावा लागतो, त्यामुळे सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ई-पीक पाहणी राहून गेली की इथे अडतं.

२० क्विंटलचा हिशेब करू. चार महिन्यांचं व्याज साधारण १,२९०. गाडीभाडं आणि हमाली क्विंटलला ६० धरली तर १,२००. वाळून होणारी घट एक टक्का धरली तर ८६०. एकूण ३,३५०, म्हणजे क्विंटलला १७० रुपयांच्या आत-बाहेर. ऑक्टोबरात ४,३०० भाव असेल, तर फेब्रुवारीत ४,४७० च्या वर जे मिळेल तेवढीच कमाई. तेवढी वाढ होईल असं वाटत नसेल तर ठेवण्यात अर्थ नाही.

सोयाबीन दर वर्षी चढतंच असं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला भावाने दहा हजारांचा टप्पा ओलांडला, आणि पुढची दोन-तीन वर्षं कित्येकांनी त्या आशेवर पोती घरात ठेवली. भाव चार-साडेचार हजारांवर आला आणि जुन्या मालाला त्यातही कमी मिळाले. या पिकाचा भाव लातूरला ठरत नाही. बाहेरून येणारं खाद्यतेल, त्यावरचं आयात शुल्क आणि परदेशातली पेंडीची मागणी त्याला वर-खाली करतात. म्हणून तारण ठेवतानाच विकायची तारीख वहीत लिहावी. सहा महिन्यांच्या आतली असावी, आणि ती आली की भाव काहीही असो, विकायचं.

एक काळजी आधी घ्या. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर गोदामात पोतं घेत नाहीत, किंवा घेतलं तर आतून तापतं आणि बुरशी लागते. पोत्यात हात कोपरापर्यंत घालून पाहा. आत गरम लागलं तर माल त्याच दिवशी ताडपत्रीवर पसरा.

पीककर्ज "नवं-जुनं" करायला मार्चमध्ये सावकाराकडून पैसे घ्यावे लागतात. यातून सुटका?

वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज चार टक्क्यांना पडतं, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात ते शून्यावर येतं. एवढा स्वस्त पैसा दुसरीकडे कुठेच नाही. ते नवं-जुनं करायला आठ-दहा दिवसांसाठी शेकडा तीन-चारने पैसे आणले, तर त्या सवलतीला भोक पडतं. उपाय वरच्या मांडणीतच आहे. तुरीची पट्टी आली की ती पीककर्जाची समजायची, हरभऱ्यातून उरलेलं भरायचं. तूर आणि हरभरा दोन्ही फसले, तर बँकेत आधीच जाऊन पुनर्गठनाचं विचारा. मुदत उलटल्यावर गेलेल्याचं ऐकून घेतलं जात नाही.

जोडधंदा कोणता करावा? म्हैस, शेळ्या, की रेशीम?

सहा एकर आणि एक विहीर असलेल्या घराला मी आधी शेळ्या सांगतो. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात हे खरं, आणि रोख फिरती राहायला त्यासारखं काही नाही. पण गाय-म्हशीला उन्हाळ्यात हिरवा चारा आणि पाणी लागतं, आणि आपल्याकडे तेच एप्रिल-मे मध्ये संपतं. दुष्काळात कडब्याचे भाव चढतात आणि जनावराची किंमत पडते, दोन्ही एकदमच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. गोठ्यात चार म्हशी असलेल्यांनी ते दिवस कसे काढले ते विचारून पाहा.

उस्मानाबादी शेळी इथलीच. बाभूळ-सुबाभळीच्या पाल्यावर आणि हरभऱ्या-तुरीच्या भुसकटावर भागवते, जुळी देण्यात चांगली आहे, आणि गाभण काळ पाच महिन्यांचा असल्यामुळे नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत होतात. पण हिशेब करताना कागदावरची जुळी मोजू नका. मरतूक धरून एका शेळीमागे वर्षाला दीड करडू जगेल असं समजा. दहा शेळ्यांची १५ करडं. तीन पाटी घरात ठेवल्या, १२ विकली. २२ किलोचं करडू दारात ३२० रुपये किलोने ७,००० ला जातं, म्हणजे ८४,०००. खुराक, लस, जंताचं औषध, बोकडाचा खर्च २४,०००. राहिले ६०,०००. यात घरच्या माणसाची मेहनत धरलेली नाही, आणि ती बहुतेक बाईचीच असते. तिला विचारून मग दावणी वाढवा.

सुरुवात दहाने करू नका. चार आणा आणि घरच्या पाटी वाढवत तिसऱ्या वर्षी दहावर या. बाजारातून एकदम पंधरा-वीस शेळ्या आणल्या की त्यांच्यासोबत पीपीआर हा साथीचा रोग येतो आणि आठवड्याभरात निम्मा कळप आडवा होतो. नवी शेळी निदान तीन आठवडे वेगळी बांधावी. पीपीआरची लस चुकवू नये, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यावी. नव्या पावसाच्या कोवळ्या गवतावर सकाळी तुटून पडलेलं, काल धडधाकट असलेलं करडू संध्याकाळी मरून पडलेलं दिसतं, ते बहुतेक आंत्रविषारानेच.

विक्री मात्र हातात ठेवा. बकरी ईदची तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यानुसार गाभण करायचा महिना मागे घ्या. आणि करडू अंदाजाने न देता काट्यावर वजन करून द्या. व्यापाऱ्याची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

रेशमाचं थोडक्यात. विहिरीला मेपर्यंत पाणी पुरत असेल, एक एकर तुतीला देता येत असेल आणि घरात दोन माणसं अळ्यांना वेळेवर पाला घालायला मोकळी असतील, तर शेळ्यांपेक्षा त्यात पैसा जास्त आहे. जालन्याला २०१८ पासून कोष बाजार आहे, रामनगरला जावंच लागतं असं राहिलं नाही. अडचण शेजाऱ्याची असते. त्याने सोयाबीनवर मारलेलं औषध वाऱ्याने तुतीवर आलं की तो पाला खाऊन अख्खी बॅच मरते. बांधाला बांध लागून फवारणीचं रान असेल, तर शेडसाठी कर्ज काढण्याआधी त्या शेजाऱ्याशी बोलून घ्या.

ट्रॅक्टर घेऊन भाड्याने मारला तर?

गावात आधीच किती आहेत ते मोजा. ट्रॅक्टरला काम पेरणी-नांगरटीच्या महिन्यांतच असतं, आणि ज्या वर्षी पाऊस फसतो त्या वर्षी आपलं पीकही जातं आणि भाडंही उधारीवर राहतं. हप्ता मात्र ठरलेला. गावातल्या किराणा दुकानालाही हेच लागू आहे. गिऱ्हाईक सगळं त्याच पावसावर जगतं.

चार पैसे उरले तर शेजारचं रान घ्यावं ना? जमीन कधी बुडत नाही.

बुडत नाही, पण उत्पन्नाच्या मानाने ती फार महाग आहे. समजा कोरडवाहू एकर १२ लाखांना आहे आणि ठोक्याने दिली तर वर्षाला २०,००० येतात. म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आत. वर मुद्रांक शुल्क, मोजणी आणि बांधाची भांडणं. त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्या वर्षी तुम्हाला पैशाची गरज पडते, त्या वर्षी शिवारात सगळ्यांनाच पडते, आणि विकायला निघालेल्या रानाला गिऱ्हाईक पडक्या भावाने मागतं. आधीची सहा एकरं त्याच पावसावर आहेत, सातवीही तिथेच जाणार. भावकीतला वाटा विकायला निघाला आणि रस्ता-पाणी त्यावर अवलंबून असेल, तर ती गोष्ट निराळी. ते गुंतवणूक म्हणून घेत नाहीत, गरज म्हणून घेतात.

मग जमिनीबाहेर पैसा नेमका कुठे ठेवायचा?

वरच्या घराकडे शेळ्यांचे ६०,००० आणि केंद्र-राज्याच्या सन्मान निधीचे १२,००० असे वर्षाला ७२,००० सुटतात, शेतीचे १४,००० किरकोळीला धरले. पहिलं वर्ष-दीड वर्ष हा सगळा पैसा अडीनडीच्या निधीत जाऊ द्या, सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा, म्हणजे ७२,००० होईपर्यंत. एक मोठी ठेव न करता १२-१२ हजारांच्या सहा करा. दवाखान्याला पंधरा हजार लागले तर दोनच मोडतील, बाकी चालू राहतील. पीकविम्याचा पैसा या हिशेबात धरू नका. २०२५ च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. मंडळाचं सरासरी उत्पादन बरं निघालं तर आपलं शेत पाण्याखाली गेलं तरी काही मिळत नाही.

त्यानंतरचा पैसा दोन ठिकाणी वाटावा असं मला वाटतं. एक भाग पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत खात्यात. हंगामी घराला ते विशेष सोयीचं पडतं, कारण दर महिन्याचा हप्ता नसतो. वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, जमेल तेव्हा भरा. याउलट पोस्टाची आरडी दरमहा भरावी लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात हमखास चुकते. २०२५ मध्ये पीपीएफचा दर ७.१ टक्के होता, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. मुदत १५ वर्षांची आहे, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर काही रक्कम काढता येते. आणि कोर्टाच्या हुकमानेही कर्ज देणाऱ्याला या खात्यावर जप्ती आणता येत नाही. कर्जाची सवय असलेल्या घराला याची किंमत कळते. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर आधी सुकन्या, दर त्याहून जास्त आहे.

दुसरा भाग, निम्म्यापेक्षा कमी, निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे देशातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या म्युच्युअल फंडात. ही रक्कम सात-आठ वर्षं न लागणारी असावी. दरमहा एसआयपी लावू नका, ती पावसाळ्यात बंद पडते. बोकड विकले की एकदा आणि हरभरा विकला की एकदा, असं वर्षातून दोनदा टाका. एखाद्या वर्षी ते वीस-तीस टक्क्यांनी खाली जाईल, हे धरूनच टाका. पण औशात पाऊस पडला नाही म्हणून ते खाली जात नाही, आणि ते घ्यायचं मुख्य कारण हेच.

सोनं?

थोडं ठीक. अडचणीला सोनेतारण बँकेत तासाभरात होतं, हा त्याचा खरा उपयोग. पण दागिन्यावर घडणावळ आणि जीएसटी जातो, आणि तो परत मिळत नाही. अंगावर घालायला दागिना घ्या, साठवायला हॉलमार्कचं वळं किंवा नाणं.

पतसंस्था १२-१३ टक्के देते, बँक सात. फरक मोठा आहे.

फरक मोठा आहे कारण जोखीम मोठी आहे. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो. जिल्हा बँक आणि नागरी सहकारी बँकही त्यात येते. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटी नावात काहीही लावो, ती बँक नाही आणि तो विमा तिला नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात अशा संस्थांसमोर मोर्चे काढणाऱ्यांत शेती विकून ठेव ठेवलेले लोकही होते.

बिघाड आधी दिसतो, फक्त पाहायची तयारी हवी. मुदत संपलेल्या ठेवीला "पुढच्या आठवड्यात या" म्हणणं सुरू होतं. पैसे काढायला आलेल्याला अर्धा टक्का जास्त देऊन पुन्हा ठेवायला लावतात. संचालकांच्याच कारखान्याला, डेअरीला कर्जं दिलेली असतात. एजंट आपल्याच भावकीतला असतो, त्याचा पैसाही त्यातच असतो, म्हणून तो खोटं बोलत नसतो, त्यालाच माहीत नसतं. पहिला "पुढच्या आठवड्यात" ऐकला की मुदतीची वाट न पाहता काढून घ्या, व्याज सोडावं लागलं तरी.

शेतीला कर नाही, मग या ठेवींना लागतो का?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. ठेवीचं व्याज नाही, शेळ्या-दुधाचं उत्पन्नही नाही. या आकारमानाच्या घराला प्रत्यक्षात कर बसत नाही, पण पॅन बँकेत जोडलेलं नसलं तर कापल्या जाणाऱ्या टीडीएसचा दर दुप्पट होतो. पीपीएफ आणि सुकन्याचं व्याज करमुक्त आहे.

सगळं कुणाच्या नावावर?

कर्ज ज्याच्या नावावर, साठा शक्यतो त्याच्या नावावर नको. शेळ्यांचा पैसा ज्या बाईच्या हातचा, पीपीएफ तिच्या नावे काढा. प्रत्येक खात्यावर वारस नोंद आहे का ते पासबुकावर छापलेलं पाहा, "केली होती" यावर विसंबू नका. ठेवींच्या पावत्या, फंडाचा फोलिओ नंबर आणि तारणाची पावती एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.